ऑडिओ सॉफ्टवेअरच्या स्क्रीनशॉटमध्ये वेव्हफॉर्म, स्पेक्ट्रोग्राम आणि फ्रिक्वेन्सी प्लॉट कसे ओळखायचे?

प्रश्न: एका ऑडिओ सॉफ्टवेअरचा स्क्रीनशॉट मिळालाय, त्यात तीन ग्राफ आहेत. एकात निळा जाड पट्टा आहे, एक रंगीबेरंगी आहे आणि एक जांभळा, उजवीकडे उतरत जाणारा. kHz दोन ठिकाणी दिसतंय आणि dB तर तिन्हीकडे. यातला वेव्हफॉर्म कुठला, स्पेक्ट्रोग्राम कुठला आणि फ्रिक्वेन्सी प्लॉट कुठला हे खात्रीने कसं सांगायचं?

उत्तर:

निळा पट्टा वेव्हफॉर्म, रंगीत तो स्पेक्ट्रोग्राम आणि जांभळा उतरता तो फ्रिक्वेन्सी प्लॉट, हे तुमच्या वर्णनावरून जवळजवळ नक्की आहे. पण रंगावरून ओळखायची सवय लावून घेऊ नका, कारण सॉफ्टवेअर बदललं की रंग बदलतात आणि मग पंचाईत होते. प्राट नावाचं उच्चारशास्त्रवाल्यांचं सॉफ्टवेअर आहे, त्यात स्पेक्ट्रोग्राम काळा-पांढराच असतो. आणि डीजे लोकांच्या सॉफ्टवेअरमध्ये वेव्हफॉर्मच लाल-हिरवा-निळा रंगवलेला असतो, बेसचा एक रंग, वरच्या सुरांचा दुसरा, पण म्हणून तो काही स्पेक्ट्रोग्राम होत नाही.

तुमचा गोंधळ नेमका युनिटमुळे झालाय, आणि तो होणारच. dB म्हणजे डेसिबल हे तिन्ही चित्रांत येऊ शकतं, kHz दोघांत येतं, सेकंद दोघांत येतात, त्यामुळे कुठलं युनिट दिसतंय एवढ्यावरून काहीच ठरत नाही. ते युनिट कुठल्या कडेला लिहिलंय ते बघायचं. आडव्या कडेला काय आहे आणि उभ्या कडेला काय आहे, बस, ऐंशी टक्के वेळा काम इथेच संपतं.

वेव्हफॉर्ममध्ये आडवी वेळ आणि उभा अॅम्प्लिट्यूड, म्हणजे त्या क्षणी सिग्नल किती वर किंवा किती खाली आहे ते. स्पेक्ट्रोग्राममध्ये आडवी वेळच असते, पण उभी फ्रिक्वेन्सी येते, आणि आवाजाची ताकद दाखवायला कडाच शिल्लक राहत नाही म्हणून ती रंगात किंवा काळेपणात जाते. फ्रिक्वेन्सी प्लॉटमध्ये फ्रिक्वेन्सी खाली आडवी येते, ताकद उभी येते आणि वेळ गायब. ही वेळ गायब होणं फार महत्त्वाचं आहे, त्याच्याकडे परत येतोच. वर्षभराच्या खर्चाची शेवटी बेरीज केली की कशावर किती गेले ते कळतं पण कुठल्या महिन्यात गेले ते कळत नाही, फ्रिक्वेन्सी प्लॉट ही तसली बेरीज आहे.

आता dB तिन्हीकडे का दिसतंय ते बघू, कारण इथेच एक छान खूण लपलीय. वेव्हफॉर्मची उभी पट्टी साधारणपणे वर 1.0, मध्ये 0 आणि खाली −1.0 अशी असते. पण बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ती dB मध्ये करता येते, आणि तशी केली की पट्टी दोन्ही बाजूंनी आरशात बघितल्यासारखी दिसते: सगळ्यात वर 0, सगळ्यात खालीही 0, आणि मधल्या रेषेवर −∞ किंवा −60 असा सगळ्यात लहान आकडा. म्हणजे dB आहे पण शांतता मध्यावर आहे. फ्रिक्वेन्सी प्लॉटमध्ये dB एकाच दिशेने जातं, वर 0 च्या जवळचा आकडा आणि खाली उतरत −60, −90 वगैरे, शांतता तळाला. आणि स्पेक्ट्रोग्राममध्ये dB दिसलंच तर ते चित्राच्या अक्षावर नसतं, बाजूला एक अरुंद रंगांची पट्टी असते तिच्यावर लिहिलेलं असतं. स्पेक नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे, नुसता स्पेक्ट्रोग्रामच दाखवतं, त्यात उजवीकडे अशी पट्टी असते. तर dB आरशासारखं दोन्हीकडे, dB एका दिशेने, dB रंगपट्टीवर, हे तीन प्रकार वेगळे काढता आले की dB ने पुन्हा फसवणार नाही.

kHz चंही तसंच. फ्रिक्वेन्सीचा अक्ष कुठे संपतो ते बघा. 44,100 हर्ट्झ सॅम्पल रेटच्या, म्हणजे सेकंदाला 44,100 मोजमापं घेतलेल्या फाइलमध्ये जास्तीत जास्त 22,050 हर्ट्झपर्यंतच फ्रिक्वेन्सी असू शकते, बरोबर निम्मी, आणि 48,000 च्या फाइलमध्ये 24,000 पर्यंत. त्यामुळे 20k, 22k, 24k च्या आसपास संपणारी पट्टी दिसली की ती फ्रिक्वेन्सीची. ती उभी असेल तर स्पेक्ट्रोग्राम, आडवी असेल तर फ्रिक्वेन्सी प्लॉट. काही सॉफ्टवेअर वरचा भाग कापून दाखवतात, प्राट तुम्ही बदललं नाही तर 5,000 पर्यंतच दाखवतं कारण बोलण्यातलं कामाचं बरंचसं त्याच्या आत येतं, म्हणून 22 दिसलं नाही तर लगेच घाबरू नका. एक गंमत मात्र होते, फाइल बरोबर वीस-बावीस सेकंदांची असेल आणि खाली नुसतं 5, 10, 15, 20 लिहिलेलं असेल तर ते सेकंद की किलोहर्ट्झ हे आकड्यांवरून सांगता येत नाही. मग k चं अक्षर, किंवा 0:05 सारखा कोलन, किंवा प्लेहेडची उभी रेषा शोधायची. प्लेहेड वेळेवरच चालतो, तो फ्रिक्वेन्सी प्लॉटवर नसतो.

आता अवघड केस घेऊ. समजा स्क्रीनशॉट असा कापलाय की कडांवरचे आकडेच गेलेत, नुसती तीन चित्रं उरलीत. हे होतं, लोक मधला भाग छान दिसावा म्हणून कापतात आणि नेमकं कामाचं तेच जातं. अशा वेळी आवाजात काय आहे याचा विचार करून ओळखावं लागतं, आणि खरं सांगायचं तर तीन चित्रांतला फरक समजायलाही हीच पद्धत बरी.

एक रेकॉर्डिंग धरा, आठ सेकंदांचं, मोनो, 44,100 चं. पहिले दोन सेकंद कोणी बोलत नाहीये. मग एक पुरुष बोलायला लागतो, पाचव्या सेकंदाला श्वास घ्यायला थांबतो, आणि तेवढ्यात केबल हलल्यामुळे टक्कन एक क्लिक होतो. मग पुन्हा बोलतो. आणि सगळ्या आठही सेकंदांत मागे विजेचा हम आहे, 50 हर्ट्झ आणि त्याच्यावर 150, 250 (60 हर्ट्झची वीज असलेल्या देशात हे 60, 180, 300 होईल). हम हळू आहे, −40 dB च्या आसपास.

वेव्हफॉर्ममध्ये हे कसं दिसेल? मध्यरेषेच्या वर आणि खाली जवळजवळ सारखा पसरलेला भरीव आकार, बोलण्याच्या ठिकाणी जाड, थांबल्यावर बारीक. पहिले दोन सेकंद नुसती रेघ. पाचव्या सेकंदाला एकच बारीक उभा काटा. आणि हम? हम दिसणारच नाही. −40 dB म्हणजे अॅम्प्लिट्यूड 0.01, आणि समजा चित्र 200 पिक्सेल उंच असेल तर मध्यापासून वर 100 पिक्सेल, त्याचा शंभरावा भाग म्हणजे एक पिक्सेल. म्हणजे ज्याला तुम्ही शांतता म्हणताय ती रेघ खरं तर हम आहे, हेडफोन लावून ऐकलं तर स्पष्ट ऐकू येईल पण चित्रात रेघच. हाच वेव्हफॉर्म 60 dB रेंजच्या dB पट्टीवर टाकला तर तोच हम मध्यापासून एक तृतीयांश उंचीपर्यंत जाईल, चांगला जाड पट्टा दिसेल, आणि बघणाऱ्याला वाटेल ही दुसरीच फाइल आहे. आवाज तोच, फाइल तीच, पट्टी फक्त बदलली.

स्पेक्ट्रोग्राममध्ये आता तेच रेकॉर्डिंग. इथे मध्यरेषा वगैरे काही नसते, वर-खाली सारखेपणा नसतो, आणि हे आकडे नसताना ओळखायला फार उपयोगी पडतं: वेव्हफॉर्म मध्यावर दुमडला तर बहुतेक जुळतो, स्पेक्ट्रोग्राम कधीच जुळत नाही. तळाशी बहुतेक सगळा जोर असतो आणि वर जाईल तसा विरळ होत जातो. हम म्हणजे अगदी तळाला डावीकडून उजवीकडे न तुटता गेलेल्या दोन-तीन आडव्या रेषा, पहिल्या दोन सेकंदांतसुद्धा, जिथे वेव्हफॉर्मने आपल्याला शांतता म्हणून सांगितलं होतं. बोलणं म्हणजे एकावर एक रचलेल्या आडव्या रेषा, ज्या थोड्या वर-खाली वाकतात, कारण बोलताना सूर स्थिर नसतो. पुरुषाचा मूळ सूर साधारण 110 हर्ट्झ धरला तर रेषा 110, 220, 330, 440 अशा समान अंतरावर येतात, हे हार्मोनिक्स. आणि 'स' आला की रेषा नाहीशा होऊन वरच्या भागात, साधारण 4,000 हर्ट्झच्या वर, एक धूसर ठिगळ दिसतं. तो 'स' वेव्हफॉर्ममध्ये शोधायला गेलात तर एक बारीकसा केसाळ भाग दिसेल, त्यावरून तो 'स' आहे की मागचा पंखा आहे हे सांगता येणार नाही. पाचव्या सेकंदाचा क्लिक इथे तळापासून टोकापर्यंत गेलेली एक उभी रेष होतो, कारण इतका थोडा वेळ टिकणारा आवाज एका फ्रिक्वेन्सीत मावत नाही, सगळीकडे पसरतो.

फ्रिक्वेन्सी प्लॉटमध्ये एकच बाह्यरेषा असते, तिच्या खालचा भाग कधी भरलेला कधी नाही. डावीकडे उंच, उजवीकडे उतरत जाणारी, कारण बोलण्यात आणि संगीतात खालच्या फ्रिक्वेन्सींनाच सहसा जास्त जोर असतो. डाव्या टोकाला 50, 150, 250 वर सुळके, मग बोलण्याचे उंचवटे. आणि क्लिक? शोधून सापडणार नाही. 2048 सॅम्पलची विंडो, म्हणजे एका वेळी तपासायचा तुकडा, घेऊन हा प्लॉट काढला तर सॉफ्टवेअर आठ सेकंदांचे शेकडो छोटे तुकडे करतं, प्रत्येकाचा स्पेक्ट्रम काढतं आणि सगळ्यांची सरासरी मारतं. क्लिक त्यातल्या एक-दोन तुकड्यांत आहे आणि तिथेही सगळ्या फ्रिक्वेन्सींवर पसरलेला, त्यामुळे सरासरीत तो जवळजवळ विरघळतो. उलट हम प्रत्येक तुकड्यात त्याच जागी आहे म्हणून त्याचे सुळके स्पष्ट उभे राहतात. वेव्हफॉर्ममध्ये एक पिक्सेलचा होता तो हम इथे सगळ्यात ठळक गोष्टींपैकी एक, आणि वेव्हफॉर्ममध्ये डोळ्यात खुपणारा क्लिक इथे नाहीच.

म्हणून आकडे नसलेल्या चित्रात हे बघा: मध्याभोवती सारखं आहे का? असेल तर वेव्हफॉर्म. पूर्ण जागा रंगाने किंवा करड्या छटांनी भरलीय आणि आत रेषा-ठिगळं आहेत का? असतील तर स्पेक्ट्रोग्राम. एकच रेषा तळावर उभी आहे आणि वरची जागा रिकामी आहे? मग फ्रिक्वेन्सी प्लॉट.

पण याच्यात दोन-तीन ठिकाणी गफलत होतेच.

पहिली म्हणजे झूम केलेला वेव्हफॉर्म. वर जो भरीव आकार म्हटला तो भरीव का दिसतो तर आठ सेकंदांत साडेतीन लाखांच्या वर सॅम्पल आहेत आणि चित्र हजार पिक्सेल रुंद आहे, म्हणजे एका पिक्सेलच्या उभ्या ओळीत सुमारे 350 सॅम्पल कोंबलेत, सॉफ्टवेअर त्यातल्या सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या सॅम्पलमध्ये रेघ मारून मोकळं होतं. तुम्ही झूम करत दहा मिलिसेकंदांवर गेलात की भरीवपणा जातो आणि एक वळणदार एकेरी रेषा उरते, अजून आत गेलात तर सॅम्पलचे ठिपकेही दिसतात. ही एकेरी रेषा बघून लोक फ्रिक्वेन्सी प्लॉट म्हणतात. फरक एवढाच बघायचा की ही रेषा मधली शून्याची रेषा पुन्हा पुन्हा ओलांडते, वर जाते खाली जाते. फ्रिक्वेन्सी प्लॉटला ओलांडायला अशी शून्यरेषाच नसते. काही सॉफ्टवेअर जागा वाचवायला वेव्हफॉर्मचा वरचा अर्धाच भाग काढतात, तिथे ही सममिती बघायची युक्ती चालत नाही, पण तिथेही बोलण्याचे आणि थांबण्याचे टप्पे दिसतात, मध्ये मध्ये पार तळाला टेकतं. फ्रिक्वेन्सी प्लॉट बोलणं थांबलं म्हणून तळाला टेकत नाही, त्याला थांबणं माहीतच नाही.

दुसरी गफलत इक्वलायझरची. इक्वलायझरच्या खिडकीतही आडवी फ्रिक्वेन्सी, उभं dB आणि एक वळणदार रेषा असते. तिथे शून्य बहुतेक मध्यावर असतं आणि पट्टी वर +12 आणि खाली −12 अशी जाते, रेषेवर ओढायचे गोल ठिपके असतात. ती रेषा आवाज कसा आहे ते सांगत नाही, आवाजावर काय करायचंय ते सांगते. बरेच इक्वलायझर त्या रेषेच्या मागे फिकट रंगात चालू आवाजाचा फ्रिक्वेन्सी प्लॉटही हलता दाखवतात, तेव्हा एकाच खिडकीत दोन गोष्टी असतात, आणि मागचं जे हलतंय तेच फक्त आवाजाचं मोजमाप.

तिसरी, रेडिओवाल्यांचा वॉटरफॉल. तो स्पेक्ट्रोग्रामच, पण आडवा-उभा अदलाबदल केलेला: फ्रिक्वेन्सी आडवी, वेळ वरून खाली सरकते, आणि त्याच्या डोक्यावर बहुतेक एक फ्रिक्वेन्सी प्लॉट जोडलेला असतो, दोघांचा आडवा अक्ष एकच. कडेवरच्या नियमाला हा एक ठळक अपवाद आहे. रंगाने भरलेली जागा आणि आत रेषा हे लक्षण मात्र इथेही टिकतं, फक्त स्थिर सूर उभ्या रेषेसारखा दिसतो.

आणि काही एडिटर्स वेव्हफॉर्म आणि स्पेक्ट्रोग्राम एकमेकांवर टाकून दाखवतात, आयझोटोपच्या RX मध्ये नारिंगी स्पेक्ट्रोग्रामवर निळसर वेव्हफॉर्म तरंगत असतो आणि कोणाला किती ठळक करायचं ते स्लायडरने ठरवता येतं. तिथे एक चित्र शोधत बसलात तर डोकं फिरेल, दोन आहेत हे कळलं की सोपं.

आता स्पेक्ट्रोग्रामबद्दल एक गोष्ट जरा सावकाश सांगतो, कारण हिच्यामुळे लोक बरोबर ओळखलेल्या स्पेक्ट्रोग्रामवरही शंका घेतात. वर मी म्हटलं की बोलण्याच्या आडव्या रेषा दिसतात. पण तुम्ही दुसऱ्या कोणाचा स्क्रीनशॉट बघाल आणि त्यात त्याच बोलण्याच्या जवळजवळ उभ्या रेषा असतील. दोन्ही खरे आहेत, विंडो साइझ वेगळी आहे. 44,100 वर 2048 सॅम्पलची विंडो म्हणजे सुमारे 46 मिलिसेकंदांचा तुकडा, आणि त्यातून फ्रिक्वेन्सीचे कप्पे मिळतात सुमारे 21.5 हर्ट्झचे. 110 हर्ट्झच्या अंतरावरचे हार्मोनिक्स त्यात वेगळे दिसतात म्हणून आडव्या रेषा. आता 256 ची विंडो घ्या: तुकडा 5.8 मिलिसेकंदांचा, कप्पे 172 हर्ट्झचे. एवढ्या रुंद कप्प्यात 110 आणि 220 एकत्रच पडतात, रेषा वेगळ्या होणं शक्यच नाही. पण 110 हर्ट्झच्या आवाजात स्वरयंत्राचा प्रत्येक ठोका 9 मिलिसेकंदांनी येतो आणि तुकडा त्याहून लहान आहे, म्हणून थोडं झूम केलं की प्रत्येक ठोका वेगळा, उभ्या रेषेसारखा दिसतो. उच्चार अभ्यासणारे लोक मुद्दाम लहान विंडो वापरतात, प्राटमध्ये ती बदलली नाही तर 5 मिलिसेकंदांचीच असते, संगीतवाले सहसा मोठी घेतात. क्लिकचंही तसंच, लहान विंडोत बारीक रेष, मोठ्या विंडोत तीच फासलेली रुंद पट्टी. आणि हम उलट, 2048 वर तळाला जाडसर पट्टा दिसतो, 50 आणि 100 असे दोन्ही असले तर एकमेकांत मिसळतात, 16384 घेतली की कप्पे 2.7 हर्ट्झचे होतात आणि रेषा स्वच्छ बारीक होतात, फक्त मग वेळ फासली जाते, एक तुकडा 0.37 सेकंदाचा झालेला असतो. वेळही बारीक आणि फ्रिक्वेन्सीही बारीक असं दोन्ही एकत्र मिळत नाही, ते सॉफ्टवेअरचं दुखणं नाही, गणितच तसं आहे.

तसंच उभ्या पट्टीचं. समान अंतरावरचे हार्मोनिक्स हे फक्त लिनिअर पट्टीवर दिसतात. ऑडॅसिटीच्या नव्या आवृत्त्यांमध्ये स्पेक्ट्रोग्राम मेल पट्टीवर उघडतो, तिथे वर जाऊ तशा रेषा जवळ जवळ येत दाटतात. रेषा समान अंतरावर नाहीत म्हणजे हे काहीतरी वेगळं आहे असं समजू नका.

ऑडॅसिटी वापरत असाल तर तिन्ही कुठे सापडतात ते सांगून टाकतो. ट्रॅक उघडला की दिसतो तो वेव्हफॉर्म, निळा, आत फिकट निळा (गडद भाग टोकांचा, फिकट भाग सरासरी ताकदीचा, म्हणजे RMS चा). ट्रॅकच्या नावाजवळच्या मेनूत `Spectrogram` निवडलं की त्याच जागी, त्याच वेळेच्या पट्टीखाली स्पेक्ट्रोग्राम येतो, आणि `Multi-view` निवडलं की दोन्ही एकाखाली एक. फ्रिक्वेन्सी प्लॉट मात्र ट्रॅकमध्ये येतच नाही, आवाज सिलेक्ट करून `Analyze > Plot Spectrum` केलं की स्वतंत्र खिडकी उघडते, तिचं नाव `Frequency Analysis`. तुमचा जांभळा ग्राफ बहुधा तोच. त्या खिडकीत खाली `Size`, `Axis` वगैरेचे पर्याय असतात, आणि ग्राफवर माऊस नेला की कर्सरपाशी किती हर्ट्झ, कुठला सूर आणि जवळचा पीक कुठे ते लिहून येतं. स्क्रीनशॉटमध्ये हे दिसलं तर बाकी काही बघायची गरजच नाही. तिथे एक बघायचं असतं ते म्हणजे प्लॉट कुठल्या सिलेक्शनचा आहे, कारण पहिल्या दोन सेकंदांचा प्लॉट नुसता हम दाखवेल आणि पूर्ण फाइलचा प्लॉट बोलणंही दाखवेल, आणि स्क्रीनशॉटवरून हे कळायला मार्ग नसतो जर ट्रॅकची खिडकी मागे दिसत नसेल तर.

हे डोळ्यात बसवायचं असेल तर स्वतःच एक आवाज बनवा. ऑडॅसिटीत `Generate > Chirp`, सुरुवात 440 हर्ट्झ, शेवट 1320, अॅम्प्लिट्यूड दोन्हीकडे 0.8, इंटरपोलेशन `Linear`, वेळ दहा सेकंद. वेव्हफॉर्म बघा, एक सपाट चौकोनी ठोकळा, सूर चढतोय याचा पत्ताच नाही, झूम केलं तरच लाटा उजवीकडे दाटत गेलेल्या दिसतील. स्पेक्ट्रोग्राम लिनिअर पट्टीवर करा, एक तिरकी सरळ रेषा चढत गेलेली. मग सगळं सिलेक्ट करून फ्रिक्वेन्सी प्लॉट काढा, 440 ते 1320 च्या मध्ये एक पठार आणि दोन्ही बाजूंना उतार. आता `Reverse` इफेक्ट लावून तिन्ही पुन्हा बघा: स्पेक्ट्रोग्रामची रेषा चढायच्या ऐवजी उतरेल, वेव्हफॉर्मचा ठोकळा लांबून तसाच राहील, आणि फ्रिक्वेन्सी प्लॉट जवळजवळ जसाच्या तसा येईल, आवाज उलटा झालाय हे त्याच्या गावीही नसेल.